पाचनंतरची ड्रॉप विनंती आपोआप मंजूर का होत नाही? या चुका टाळा

हिंजवडी ऑफिसमधून रात्रीच्या ड्रॉपसाठी विनंती टाकणाऱ्या सगळ्यांसाठी. संध्याकाळी पाचनंतर आलेली त्याच रात्रीची विनंती आता सिस्टीम आपोआप मंजूर करत नाही. ती Pending राहते. याचा अर्थ ती नामंजूर झाली असा नाही, आणि सिस्टीम बंद पडली असाही नाही.

आधी काय होत होतं ते बघा. आपोआप मंजुरी देणारा जॉब दर अर्ध्या तासाने चालतो. पूर्वी तो फक्त विनंती Pending आहे का एवढंच पाहायचा. समजा, कोथरूडला जाणाऱ्या कुणीतरी रात्री साडेनऊच्या ड्रॉपची विनंती ५:१२ ला टाकली. साडेपाचच्या फेरीत ती मंजूर व्हायची आणि मोबाईलवर ‘मंजूर’ असा मेसेजही यायचा. पण गाडीवाल्यांकडे जाणारी यादी ५:१५ लाच निघालेली असते. रूट त्याच यादीवरून लागतात, म्हणजे वाकड-बाणेरची माणसं कुठल्या गाडीत, हडपसरची कुठल्या, आणि कोणाला आधी सोडायचं. त्यामुळे मंजुरी हातात असलेला माणूस साडेनऊला गेटवर उभा आणि ड्रायव्हरच्या यादीत त्याचं नावच नाही. रात्री त्या वेळी, विशेषतः एकट्या मुलीवर ही पाळी येणं आम्हाला मान्य नाही. नुसत्या Pending विनंतीपेक्षा खोटी मंजुरी जास्त घातक, कारण मंजुरी पाहिली की माणूस दुसरी सोय करत नाही.

म्हणून जॉबला दुसरी अट घातली आहे:

```sql
WHERE status = 'PENDING'
  AND submitted_at < cutoff_at
```

इथे `cutoff_at` म्हणजे ज्या दिवशीचा ड्रॉप हवा, त्या दिवशीचे संध्याकाळचे पाच. तुलना ‘पाचच्या आधी’ अशी आहे, त्यामुळे ४:५९:५९ ची विनंती धरली जाते, बरोबर पाचची नाही. महत्त्वाचं म्हणजे निर्णय आता जॉब कधी चालला यावर अवलंबून नाही. सर्व्हरच्या अडचणीमुळे पाचची फेरी दहा मिनिटं उशिरा चालली, तरी ४:५० ची विनंती आत आणि ५:०५ ची बाहेर, हे बदलत नाही. पूर्वी असा उशीर झाला की पाचनंतरच्या काही विनंत्या नशिबाने यादीत जायच्या, काही राहायच्या. ‘काल माझी झाली, आज का नाही?’ ही तक्रार तिथूनच यायची.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे पाठवलेली विनंती पाचनंतर उघडून बदलणं. तुम्ही ४:२० ला विनंती टाकलीत, साडेचारला ती मंजूर झाली, आणि ५:१० ला उतरण्याचा पत्ता बदलून परत Submit केलंत, की `submitted_at` मध्ये ५:१० पडतं आणि विनंती पुन्हा Pending होते. पत्ता बदलला की रूट बदलतो, म्हणून बदललेली विनंती नवी धरावी लागते. पण त्यात तुमची मिळालेली जागा जाते. पाचनंतर पत्ता बदलायचा असेल तर विनंतीला हात लावू नका, ट्रान्सपोर्ट डेस्कला फोन करा. Pending दिसतंय म्हणून जुनी रद्द करून नवी टाकण्यातही हाच धोका आहे. जुनी ४:५५ ची असेल, तर ती पाचच्या फेरीत मंजूर होणारच होती.

फॉर्म पावणेपाचला उघडला म्हणून वेळेत धरला जात नाही. Save Draft केलेला फॉर्म तर जॉबला दिसतच नाही. Submit झाल्याची सर्व्हरवरची वेळच धरली जाते. मोबाईलचं घड्याळ मागे असेल तर त्याचा उपयोग नाही.

रिपोर्टची एक्सेल फाईल बघणाऱ्या टीम लीड मंडळींचा एक गोंधळ नेहमी होतो. त्या फाईलमधली वेळ UTC मध्ये असते. `11:42` दिसलं की ‘सकाळी टाकली होती, तरी वगळली’ अशी तक्रार येते. त्यात साडेपाच तास मिळवा, ५:१२ होतात. फाईलमध्ये कट-ऑफ `11:30` समजायचा. स्क्रीनवर मात्र आपलीच वेळ दिसते.

उद्याच्या ड्रॉपची विनंती आज रात्री आठला टाकली तरी चालते, कारण तिच्यासाठी उद्याचे पाच धरले जातात. तारीख मात्र नीट निवडा. फॉर्म उघडताना आजची तारीख आधीच भरलेली असते, आणि घाईत ती तशीच राहिली की विनंती वगळली जाते.

आणि खरोखरच पाचनंतर कामासाठी थांबावं लागलं, तर टीम लीडला विनंती उघडून हाताने मंजुरी द्यायला सांगा. मग डेस्कला विनंती क्रमांक कळवा. तुमच्या बाजूच्या गाडीत सीट रिकामी असेल तर डेस्क नाव जोडतं आणि गाडी क्रमांकाचा मेसेज येतो. गाडी क्रमांक हातात येईपर्यंत ड्रॉप पक्का समजू नका.