पीएफ काढताना टीडीएस कापला गेला? या चुका टाळा

मागच्या वर्षी बुटीबोरीचा एक तरुण पासबुकचं प्रिंट घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "ताई, पीएफचे पंच्याण्णव हजार होते, खात्यात साडेपंच्याऐंशीच आले. माझी नोकरी तर पाच वर्षांच्या वर झाली!"

त्याचा हिशेब बरोबर होता. बुटीबोरीच्या कारखान्यात 2 वर्षं 4 महिने, मग मिहानमध्ये 3 वर्षं. पण दोन्ही नोकऱ्यांची पीएफ खाती एकाच यूएएनखाली असली तरी वेगवेगळीच राहिली होती. सप्टेंबर 2024 मध्ये नोकरी सुटली आणि डिसेंबरात त्याने फक्त मिहानचं खातं काढलं. त्या खात्यावर सेवा दिसत होती 3 वर्षं. सेवा सलग 5 वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असली की आयकर कायद्याच्या तेव्हाच्या कलम 192A खाली 10 टक्के टीडीएस कापला जायचा, तसे त्याचे 9,500 गेले.

पहिली चूक: यूएएन एक म्हणजे खातं एक, असं समजणं

मला सगळ्यात जास्त वेळा दिसते ती हीच चूक. जुन्या नोकरीची सेवा पाच वर्षांत मोजली जाते, पण जुनी शिल्लक नव्या खात्यात वळवली असेल तरच. नवी नोकरी लागल्यावर काही महिन्यांतच, म्हणजे नोकरीत असतानाच, ईपीएफओच्या पोर्टलवर `Online Services` मध्ये `One Member - One EPF Account` निवडून ट्रान्सफर टाका. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर अर्ज तिथेच अडतो. `View` मधल्या `Service History` मध्ये ती जागा रिकामी दिसली, तर शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यावर `Manage` मधल्या `Mark Exit` मधून तारीख स्वतः भरता येते. या तरुणाने हे आधी केलं असतं तर सेवा 5 वर्षं 4 महिने धरली गेली असती. टीडीएसही नाही आणि करही नाही.

आजारपणामुळे किंवा कंपनीच बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल, तर पाच वर्षांची अट लागत नाही. त्याचे कागद मात्र जपून ठेवा.

दुसरी चूक: 15G न जोडणं

त्याचं त्या वर्षाचं उत्पन्न करपात्र नव्हतंच. पीएफ काढण्याच्या फॉर्म 19 चा ऑनलाइन दावा करताना 15G, म्हणजे आपल्या उत्पन्नावर कर येत नाही अशी घोषणा, अपलोड करायची सोय होती. ती त्याने पाहिलीच नाही. वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर कर शून्य येत असेल आणि काढायची रक्कम करमुक्त मर्यादेच्या आत असेल, तरच हा फॉर्म द्यायचा. खोटी घोषणा हा गुन्हा आहे. साठी ओलांडलेल्यांसाठी 15H होता. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा आता दावा करताना पोर्टलवर जो फॉर्म मागतील तोच भरा.

दाव्याआधी यूएएनला पॅन जोडलेला आणि पडताळलेला आहे का, तेही बघा. पॅन नसेल तर 10 ऐवजी 20 टक्के कापतात, अशी घोषणा चालत नाही, आणि कापलेली रक्कम तुमच्या 26AS मध्ये, म्हणजे पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात, दिसत नाही. मग परतावा मागायचा कशावर?

तिसरी चूक: कापले ते गेले, असं मानणं

टीडीएस हा अंतिम कर नाही. तो कापला जातो पूर्ण रकमेवर, कर मात्र पूर्ण रकमेवर नसतो. या तरुणाच्या 95,000 मध्ये त्याची स्वतःची वर्गणी 64,800 होती, कंपनीची 19,800 आणि व्याज 10,400. स्वतःच्या वर्गणीवर त्याने पूर्वी 80C ची सवलत घेऊन कर वाचवला नव्हता, त्यामुळे ती करपात्र नाही. उरले 30,200. कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज पगाराच्या सदरात, स्वतःच्या वर्गणीवरचं व्याज इतर उत्पन्नात. एप्रिल ते सप्टेंबरचा पगार 1,32,000. सगळं मिळून 1,62,200, आणि नव्या करप्रणालीत 2024-25 ची करमुक्त मर्यादा 3 लाख. कर शून्य, म्हणून 9,500 पूर्ण परत मिळण्यासारखे.

आम्ही आधी आयकर पोर्टलवर 26AS उघडून 192A ची नोंद तपासली, बँक खातं परताव्यासाठी व्हॅलिडेट केलं आणि मग विवरणपत्र भरलं. काही जण टीडीएस मागतात पण पीएफचं उत्पन्न दाखवतच नाहीत. तसं केलं की परतावा अडकतो किंवा नोटीस येते. विभागाला 95,000 दिसतात आणि विवरणपत्रात 30,200, हा फरक विचारला तर दाखवायला पासबुकची पीडीएफ हाताशी हवी. मुदत हुकली तरी त्या मूल्यांकन वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत उशिराचं विवरणपत्र भरून परतावा मागता येतो.

ज्यांनी जुन्या वर्षांत 80C मध्ये पीएफ दाखवून कर वाचवला, त्यांना ती सवलत परत फेडावी लागते. तुमचे जुने फॉर्म 16 काढून तेवढं एकदा बघून घ्या. आणि रक्कम 50,000 च्या आत होती म्हणून टीडीएस कापला नाही, तरी ती करमुक्त झाली असं नाही. विवरणपत्रात ती दाखवावीच लागते.