टॉप-अप लोन स्वस्त, पण मुदत बघून घ्या

ऐरोलीत आमच्या ओळखीतल्या एका काकांना किचन आणि बाथरूम नवीन करायला 5 लाख हवे होते, होम लोनची अजून 15 वर्षं बाकी. बँकेने टॉप-अप, म्हणजे चालू होम लोनवरच वाढीव कर्ज, सांगितलं 9 टक्क्यांनी, हप्ता फक्त 5,071, आणि पर्सनल लोन 13 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी, हप्ता 11,376. काका लगेच म्हणाले टॉप-अपच घेतो, निम्म्याहून कमी हप्ता आहे.

पण इथेच माणूस फसतो, कारण टॉप-अपची मुदत बऱ्याचदा जुन्या लोनच्या उरलेल्या वर्षांएवढी लावून देतात. 15 वर्षांत व्याज जातं साधारण 4.13 लाख, आणि महाग वाटणाऱ्या पर्सनल लोनचं 1.83 लाखच. टाइल्स तोपर्यंत परत बदलायला येतील हो!

तेच टॉप-अप 5 वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 10,379 आणि व्याज 1.23 लाखच. म्हणून फॉर्म भरतानाच मुदत कमी लिहून घ्या. बँक ऐकत नसेल तर फ्लोटिंग रेटवर, म्हणजे बदलत्या व्याजदरावर घ्या आणि दर महिन्याला जास्तीचे पैसे भरत रहा, घरासाठी स्वतःच्या नावावर घेतलेल्या फ्लोटिंग लोनवर प्रीपेमेंट चार्ज लागत नाही. फक्त जास्तीचे पैसे टॉप-अपच्याच खात्यात आणि मुद्दलात जमा झालेत का ते स्टेटमेंटवर बघा.

लाखभरच हवे असतील आणि दीड-दोन वर्षांत फेडणार असाल, तर मात्र टॉप-अपची प्रोसेसिंग फी आणि कागदपत्रांचा खर्च आधी विचारा, कधीकधी वाचलेलं व्याज त्यातच जातं.