प्राध्यापकांना मेल: तुमच्या कामातला प्रश्न त्यांच्या प्रयोगशाळेत न्या

रिसर्च असिस्टंटच्या जागेसाठी मेल लिहिताना ‘आपल्या संशोधनात मला रस आहे’ हे वाक्य काढून टाका. ते कुणालाही पाठवता येतं, आणि प्राध्यापकांना ते लगेच कळतं. त्याऐवजी तुमचं काम जिथे थांबलं आणि त्यांचं जिथे सुरू होतं, तो सांधा दाखवा.

समजा, एमएस्सीला तुम्ही नदीच्या पाण्यातले ई. कोलाय वेगळे करून डिस्क डिफ्यूजनने त्यांची प्रतिजैविकांना संवेदनशीलता तपासली. प्रयोगशाळा बायोफिल्मवर, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या जिवाणूंच्या थरावर, काम करते. ‘दोन्ही सूक्ष्मजीवशास्त्रच’ हा दुवा नव्हे. असं लिहा:

‘माझ्या चाचणीत काही जिवाणू सिप्रोफ्लॉक्सासिनला संवेदनशील ठरले. पण ही चाचणी बायोफिल्ममधल्या पेशींबद्दल काही सांगत नाही, आणि तिथे जिवाणू बऱ्याच जास्त मात्रेतही तग धरतात. हेच जिवाणू बायोफिल्ममध्ये कसे वागतील, हे मला पाहायचं आहे. क्रिस्टल व्हायोलेट चाचणी मी अजून केलेली नाही. ९६ खाचांच्या प्लेटवर काम केलं आहे.’

क्रिस्टल व्हायोलेट ही बायोफिल्म मोजायची चाचणी अजून केलेली नाही, हे वाक्य गाळू नका. न येणारं तंत्र येतं म्हटलं, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं. (क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्या पेशींनाही रंगवतो, हे मात्र वाचून जा.)

असा दुवा शोधायला प्राध्यापकांचा अलीकडचा एक पेपर पुरा वाचा, विशेषतः पद्धती आणि शेवटी मान्य केलेल्या मर्यादा. दुवा बहुतेकदा तिथेच सापडतो. नाहीच सापडला, तर ओढूनताणून जोडू नका; दुसरी प्रयोगशाळा बघा.