नाथसागराच्या काठचा वारा अकरा वाजता फिरतो. तणनाशकाचा पंप त्याआधी खाली ठेवा

परतीचा पाऊस गेला, आभाळ उघडलं आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं. जायकवाडीचा फुगवटा भरलेला आहे. पैठण-गंगापूर पट्ट्यात काठाच्या आडसाली उसात चांदवेल आणि रुंद पानाचं तण माजलंय, म्हणून आता सगळे २,४-डी मारायला निघतील. काठाच्या वर, चढाला, कपाशी आणि तूर उभी आहे. दरवर्षी याच पंधरा दिवसांत ती कपाशी जळते, आणि दोष दिला जातो बियाण्याला.

एका वावरातलं सांगतो. पाण्यालगत दोन एकर ऊस. बांधाच्या उत्तरेला, मध्ये पडीक सोडून, शेजाऱ्याची कपाशी. दोघं जण बॅटरीचे पंप घेऊन सकाळी आठला पश्चिमेकडून सुरू झाले. वारा झुळझुळ, कपाशीकडून पाण्याकडे जाणारा. शेजारी स्वतः बघून गेला आणि म्हणाला, "मारा दादा, वारा पाण्याकडं आहे." एकूण सव्वीस टाक्या लागल्या. अकराला अठरा झाल्या होत्या. चहा घेतला आणि राहिलेल्या आठ टाक्या साडेबारापर्यंत उरकल्या. आठवड्याने कपाशीची शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी चिरली, अरुंद झाली, शिरा जवळजवळ आल्या आणि पाते गळाले. दुकानदाराने बोंड हातात न घेताच "व्हायरस आहे" म्हणून दोन बाटल्या टॉनिक दिलं.

मी तासांमधून चालून पाहिलं. उसाच्या पश्चिमेच्या भागासमोरची कपाशी ठणठणीत होती. जळली ती फक्त पूर्वेकडच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यासमोरची. बांधालगत सगळ्यात जास्त आणि आत जाल तसं कमी कमी होत गेलेली. सव्वीसात आठ, म्हणजे तेवढाच तिसरा हिस्सा. व्हायरस असा सरळ रेघ मारून थांबत नाही. औषध एकच, पंप तेच, माणसं तीच. बदलला होता फक्त वारा, तोही चहा चालू असताना.

वारा का फिरला ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं तर घड्याळाकडे बघूनच अंदाज बांधता येतो.

दुपारी एकला अनवाणी नांगरटीत उभे राहा, तळपाय टेकवत नाही. तसेच चालत जाऊन पाण्यात पाय घाला, गार लागतं. ऊन दोघांवर सारखंच पडलं होतं. पण मातीत उष्णता वरच्या थरातच अडकते. दिवसभराच्या उन्हाची ऊब एक-दीड वीत खाली गेली तरी खूप. पाण्यात ऊन आत शिरतं, लाटा वरचं पाणी खाली घुसळतात, आणि वर पाण्याची वाफ होण्यातही बरीच उष्णता खर्ची पडते. शिवाय एक किलो पाणी एक अंशाने तापवायला तेवढ्याच कोरड्या मातीपेक्षा पाचपट उष्णता लागते. नाथसागराचा पसारा भरल्यावर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर आणि साठा सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर, म्हणजे सरासरी खोली आठेक मीटर धरा. एवढा साठा एका दिवसाच्या उन्हाने हलत नाही, पण काळ्या रानाचा वरचा पापुद्रा दुपारपर्यंत तव्यासारखा होतो.

तापलेल्या रानावरची हवा फुगते, हलकी होते, वर चढते. वर गेलेली हवा उंचावरून पाण्याच्या बाजूला सरकते, म्हणून रानावरचा दाब थोडा उतरतो आणि पाण्यावरचा थोडा वाढतो. मग जमिनीलगत पाण्यावरची गार, जड हवा रानाकडे यायला लागते. दाबाचा फरक अगदी बारीक असतो, पण पान हलवायला आणि औषधाचे तुषार वाहून न्यायला पुरेसा असतो.

रात्री उलटं होतं. माती जशी झटकन तापते तशी झटकन निवते. मोकळ्या आभाळाखाली पहाटे चार वाजता ढेकूळ हातात घेऊन बघा, बर्फासारखं लागेल, आणि पाण्यात हात घातला तर पाणी कोमट. आता पाण्यावरची हवा हलकी आणि रानावरची जड, म्हणून वारा रानाकडून पाण्याकडे जातो. शाळेत आपण हेच कोकणाच्या धड्यात शिकलो: दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे, रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे. पहाटेच्या मतलईवर होड्या आत जायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या. ते खारं वारं सह्याद्री ओलांडून आपल्यापर्यंत पोचत नाही, पण मोठं धरण स्वतःच्या काठाला तसाच छोटा खेळ करतं. रात्रीचा वारा दिवसापेक्षा मंद असतो, कारण दिवसा हवेचा जाड थर तापून उचलला जातो, तर रात्री जमिनीलगतचा पातळ थरच गार होतो आणि झाडा-बांधांना घासत जातो.

आता आपली बाजू बघा. मराठवाड्याच्या हद्दीतला काठ बहुतेक उत्तरेचा आणि पूर्वेचा. या दिवसांत एरवीचा वारा ईशान्येकडून येतो आणि हलका असतो. उत्तर काठाला हा वारा आणि रात्रीचा वारा दोन्ही पाण्याकडेच जातात, म्हणून सकाळी वाटतं की वारा पक्का आहे. दहाच्या सुमाराला रान तापतं, पाण्याकडून येणारा वारा सुरू होऊ पाहतो, दोघं भिडतात आणि हवा पडते. ही पडलेली हवा म्हणजेच इशारा. गडी म्हणतात, "बरं झालं, वारा थांबला, आता उडणार नाही." अर्ध्या-पाऊण तासात तोच वारा दक्षिणेकडून, थेट वरच्या कपाशीत घुसतो. दोन ते चारच्या दरम्यान तो सगळ्यात जोरात असतो, सूर्य कलला की ढिला पडतो आणि रात्री पुन्हा पलटतो.

अकरा हा माझा ठोकताळा आहे, पंचांग नाही. ढगाळ दिवशी फिरणं उशिरा होतं किंवा होतच नाही. एरवीचा वारा जोराचा असेल तर तो काठाच्या वाऱ्याला दाबून टाकतो. आजूबाजूची रानं नुकतीच भिजवलेली असतील तर माती कमी तापते आणि वारा मवाळ येतो. आतवर तो किती पोचतो? मी चार-पाच किलोमीटरपर्यंत पान हललेलं पाहिलंय, त्यापुढचं सांगत नाही. माजलगाव, येलदरीच्या काठालाही बघून ठेवा. शेततळ्याने किंवा पाझर तलावाने मात्र असं काही होत नाही, पसारा पुरत नाही.

दुसरी चूक संध्याकाळची. ऊन उतरलं, हवा शांत, माणसालाही बरं वाटतं, म्हणून पाचनंतर पंप काढतात. तेव्हा जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असते, त्यामुळे बारीक तुषार ना खाली बसतात ना वर उडून जातात. ते धुक्यासारखे तरंगतात आणि रात्रीच्या मंद वाऱ्याबरोबर उताराने खाली, गाळपेराच्या टोमॅटो-मिरचीवर जातात. ओळखायचं कसं? चुलीचा धूर बघा. सरळ वर चढून विरत असेल तर ठीक. माणसाच्या उंचीवर चादरीसारखा आडवा पसरला असेल तर त्या संध्याकाळी तणनाशक नाही. पहाटेही असंच, उन्हं चढेपर्यंत.

मग मारायचं कधी? उत्तर काठाला, वर कपाशी असेल तर दव सुकल्यावर साधारण आठला सुरू करा आणि दहाला थांबा. बांधावर बांबूला जुन्या साडीची चिंधी बांधा, एक डोक्याच्या उंचीला, एक गुडघ्याला. दोन्ही लोंबल्या की टाकीत औषध उरलं असलं तरी बंद. दोन एकर एका सकाळी होत नसेल तर दोन सकाळी करा, पण कपाशीकडच्या बाजूची पट्टी पहिल्या सकाळी पहिल्यांदा घ्या. खाली गाळपेराची भाजी आणि वर कपाशी, असं दोन्हीकडून अडकलेलं वावर असेल तर कडेची पाच-सहा तासं खुरपून काढा. तिथे कुठलंच घड्याळ चालत नाही.

औषध लेबलवरच्या मात्रेनेच, एकरी २०० लिटर पाण्यातून. नोझल तणनाशकाचं, हुड लावलेलं, दाब कमी, नळी गुडघ्याखाली. सोडियम किंवा अमाइन क्षार घ्या. एस्टर प्रकार वाफ होऊन नंतरही उडतो, स्वस्त मिळाला तरी कपाशीच्या भागात नको. "हे स्टिकर टाका, उडणार नाही" असं म्हणून दुकानात बाटली पुढे करतील. तिने तुषार जरा जड होईल, पण फिरलेला वारा परत फिरणार नाही. पैसे हुडवर घाला.

बाकी कामं, थोडक्यात:
- हरभरा: ओल बघून पेरणी, ३० × १० सें.मी.; बियाण्याला ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रति किलो, मग रायझोबियम.
- रब्बी ज्वारी: हेक्टरी १० किलो बी, राहिली असेल तर लांबवू नका.
- कपाशी: कामगंध सापळे एकरी २; सलग तीन रात्री सापळ्यात रोज ८ पतंग आले तर गुलाबी बोंडअळीची फवारणी.
- तूर: कळी लागताना ५ टक्के निंबोळी अर्क.

कपाशीला २,४-डी लागलंच असेल तर टॉनिकच्या बाटल्या घेऊ नका. वाकडे शेंडे बोट-दीड बोट खुडून बांधाबाहेर टाका, रान वाळलेलं असेल तर हलकं पाणी द्या आणि २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, फवारा. नवी फूट दोन-तीन आठवड्यांत सरळ पानांची आली तर झाड सावरलं. ऑक्टोबरअखेर औषध लागलेली कपाशी मात्र बहुधा वरचं बोंड देत नाही. खालची फुटलेली वेचून घ्या आणि खर्च तिथेच थांबवा. फवारायच्या आधी पंप कुठला हे बघा. २,४-डी मारलेला पंप तीनदा धुतला तरी मी कपाशीत नेत नाही. आमच्याकडे त्याच्या पट्ट्याला लाल चिंधी बांधलेली आहे आणि तो गोठ्यात वेगळ्या खुंटीला टांगतो.