शेंगदाण्याचं दूध घरी करताना: चहात फाटू नये म्हणून

शेंगदाण्याचं दूध करणं अवघड नाही, त्याचा चहा करणं अवघड आहे. घरात म्हशीचं दूध न पचणारं माणूस असल्यामुळे मी हे दूध बेळगावात कित्येक वर्षं करते आहे. निपाणी-चिकोडीकडच्या शेंगा घरात आलेल्या असतात, त्यामुळे माझा हात बदामापेक्षा शेंगदाण्याकडेच जातो.

शंभर ग्रॅम कच्चे दाणे आधी निवडून घ्या. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा किंवा कडू दाणा टाकूनच द्या, कारण बुरशीतून आलेलं विष उकळल्यानं जात नाही. दाणे रात्रभर भिजवा, सकाळी ते पाणी ओतून टाका आणि साली चोळून काढा. मिक्सरमध्ये आधी थोड्याच पाण्यात गंधासारखे बारीक वाटा, मग पाणी वाढवत एकूण 600 मिली करा. पातळ सुती पंचातून घट्ट पिळून गाळा. शेवटी मंद आचेवर, तळाला लागू न देता, दहा मिनिटं उकळा म्हणजे कच्चट वास जातो. हे दूध फ्रीजमध्ये दोन दिवस नीट राहतं. वर तवंग आला किंवा तळाशी साका बसला तर ते खराब झालेलं नसतं, हलवलं की एकजीव होतं.

चहातलं फाटणं मात्र वेगळं. तिथे पांढऱ्या कणांचे पुंजके तरंगतात आणि ते हलवून परत मिसळत नाहीत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या, "अगं, फाटलं की गं!" तेव्हा मला वाटलं दूध शिळं असेल. मी ताजं केलं, तेही फाटलं. मग घट्ट केलं, तर आणखीच फाटलं. चूक दुधात नव्हतीच. चहा किंचित आंबट असतो. दाण्यातली प्रथिनं अशा आंबटपणात आणि कडक उष्णतेत एकमेकांना चिकटतात, चहातला तुरट अंश त्यात भर घालतो. म्हशीच्या दुधातली प्रथिनं चहातली उकळी सहन करतात, ही करत नाहीत. म्हणून "नेहमीसारखं दूध घालून उकळा" हा सल्ला ऐकूच नका.

दोन कपांचा माझा हिशेब असा. दीड कप पाण्यात आलं आधी दोन मिनिटं उकळते, कारण कच्च्या आल्यातला एक घटक दूध नासवतो आणि उकळल्यावर तो निकामी होतो. मग दीड चमचा चहा पावडर आणि साखर घालून मिनिटभर उकळते, गॅस बंद करते आणि गाळते. दुसऱ्या भांड्यात एक कप दाण्याचं दूध वाफ येईपर्यंत गरम करते, उकळी येऊ देत नाही. त्यात खाण्याच्या सोड्याची अगदी लहान चिमूट घालते. ती आंबटपणा मारते, आणि सगळा फरक तिथेच पडतो. आता गाळलेला चहा दोन मिनिटं थांबवून बारीक धारेनं दुधात ओतायचा, ढवळत ढवळत. दूध चहात ओतलंत, तर पहिल्या थेंबांना सगळा आंबटपणा एकदम भेटतो आणि ते तिथेच गोठतात. एकदा मिसळल्यावर परत गॅसवर ठेवू नका. मी चार वेळा तरी ही चूक केली आहे. थंड झालेला चहा गरम करायला गेले आणि भांड्यात पुंजके उरले.

सोडा जास्त झाला की चहा काळपट तांबडा दिसतो आणि चव साबणासारखी लागते. गूळ घालणाऱ्यांनी जास्त सांभाळा. आपल्याकडचा गूळ कित्येकदा म्हशीचं दूधही फाडतो, मग हे दूध टिकणार कसं? चहा कपात ओतून कोमट झाल्यावरच गूळ किसून घाला.

बदामाचं दूध आणखी नाजूक. 50 ग्रॅम बदाम सोलून 400 मिली पाण्यात वाटा. त्याला उकळीची गरज नाही, पण चहात सोडा आणि धार दोन्ही हवंच.

पोषणाचं सांगायचं तर हे दूध म्हशीच्या दुधाची जागा घेत नाही. म्हशीच्या 100 मिली दुधात प्रथिनं साधारण पावणेचार ग्रॅम आणि कॅल्शियम 120 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. दाण्याच्या या दुधात प्रथिनं अडीच-तीन ग्रॅमपर्यंत येतात, बाकीची चोथ्यात राहतात. कॅल्शियम मात्र नगण्य आणि बी-12 नाहीच. बदामाच्या दुधात प्रथिनं त्याहून कमी. मोठ्यांच्या चहाला ते पुरेसं आहे, पण लहान बाळाला दुधाऐवजी हे कधीही देऊ नका. दाण्याची ॲलर्जी असलेल्याला तर कपभरही नको.

चोथा फेकू नका. तव्यावर कोरडा होईतो परतून लसूण-तिखट घालून चटणी करा, भाकरीबरोबर छान लागते.