शेपटाला पाणी पोचत नाही? कालवा कार्यालयाला अर्ज असा लिहा

रब्बीचे आवर्तन चालू असतानाच अर्ज द्या. पाणी बंद झाल्यावर दिलेल्या अर्जाची पाहणी कोरड्या चारीत होते आणि तिथे काहीच सिद्ध होत नाही.

"पाणी कमी येते" एवढेच लिहिले तर कार्यालयाचे उत्तर ठरलेले: वरून पूर्ण सोडले आहे. म्हणून आधी मोजा. चारीचा सरळ, गवत नसलेला 10 मीटरचा तुकडा निवडा. पाण्याची रुंदी आणि सरासरी खोली घ्या, लिंबू सोडून किती सेकंद लागतात ते तीनदा पाहा. 10 ला सरासरी सेकंदांनी भागले की वेग मिळतो. रुंदी आणि खोली मीटरमध्ये घ्या, रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार करून त्याला 0.8 ने गुणा, कारण पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा जोरात पळते. उत्तर घनमीटरमध्ये येते, 1000 ने गुणले की सेकंदाला लिटर मिळतात. हा अंदाजच आहे, पण दोन्ही टोकांना एकाच पद्धतीने, एकाच दिवशी मोजले की फरक लपत नाही.

समजा चारीच्या मुखाशी रुंदी 60 सेंमी, खोली 20 सेंमी आणि वेळ 32 सेकंद आहे; म्हणजे सेकंदाला सुमारे 30 लिटर. शेपटाला तेवढ्याच रुंदीत खोली 12 सेंमी आणि वेळ 48 सेकंद, म्हणजे 12 लिटर. एक हेक्टरला 8 सेंमी पाणी द्यायला 800 घनमीटर लागतात. 30 लिटरने ते साडेसात तासांत होते, 12 लिटरने साडेअठरा तास लागतात. पाळी आठ तासांची असेल तर निम्म्याहून अधिक रान कोरडे राहणार.

मधली दारे बंद असतानाही घट दिसली तर गाळ, गवत किंवा फुटलेले अस्तर शोधा. एखाद्या दारापाशीच प्रवाह एकदम उतरला तर तिथून पाणी ओढले जाते आहे. अर्जात त्या जागेची खूण लिहा, शेजाऱ्याचे नाव नको. नाव आले की विषय पाण्याचा राहत नाही, भांडणाचा होतो.

अर्जाचा मसुदा:

प्रति, मा. शाखाधिकारी, पाटबंधारे शाखा …
विषय: चारी क्र. … च्या शेपटाला पाळीपत्रकाप्रमाणे पाणी न मिळणे.
महोदय,
माझा गट क्र. … असून नमुना नं. 7 चा अर्ज मंजूर आहे, थकबाकी नाही. दि. … रोजी माझ्या पाळीत मुखाशी 30 व शेपटाला 12 लिटर प्रतिसेकंद प्रवाह आढळला. … येथील दारानंतर घट दिसते. कृपया पाणी चालू असताना संयुक्त पाहणी करावी, पुढील पाळी शेपटाकडून मुखाकडे द्यावी व त्याआधी गाळ काढावा.
आपला विश्वासू, …

एक प्रत उपविभागीय अभियंत्यांना, एक पाणी वापर संस्थेला द्या. चारी संस्थेच्या ताब्यात असेल तर पहिला अर्ज संस्थेकडेच जातो. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.