बसवण्णांच्या वचनातला ‘जंगम’ वाचताना या चुका टाळा

पैसेवाले शिवालय बांधतील, मी गरीब काय करू? माझे पाय हेच खांब, देह हेच देऊळ, डोकं हाच सोन्याचा कळस. स्थावराला नाश आहे, जंगमाला नाही. बाराव्या शतकातले कन्नड संतकवी बसवण्णा यांच्या या वचनाचा भावार्थ बहुतेकांना माहीत असतो, आणि घोटाळा नेमका शेवटच्या शब्दावर होतो. आपल्याकडे जंगम म्हटलं की लिंगायतांमधला पुरोहित समाज डोळ्यांपुढे येतो. वचनात मात्र जंगम म्हणजे चालतंबोलतं, आणि स्थावर म्हणजे एका जागी रोवलेलं. इथे जातीचा अर्थ घेतला तर जन्माची उतरंड मोडणारं वचन एका जातीची थोरवी गातंय असं होऊन बसतं.

‘गरीब’ हा शब्दही जपून वाचावा. सांगणारा माणूस कल्याणच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या, बिज्जळ राजाचा भांडारी होता!

दुसरी चूक म्हणजे शरणांना, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या वाटेवरच्या शिवभक्तांना, देवळाचे सरसकट वैरी ठरवणं. बसवण्णा प्रत्येक वचनात ज्याला हाक मारतात तो कूडलसंगमदेव कृष्णा-मलप्रभेच्या संगमावरच्या देवळातलाच. आपल्या सोलापूरचे सिद्धराम तर आधी तळं खोदणारे, देऊळ उभारणारे. परंपरा सांगते की शरणांमधले ज्येष्ठ अल्लमप्रभू यांच्याशी वाद झाल्यावर ते कल्याणला गेले. मग नाकारलं काय? देवळाच्या दारात कुणी कुठवर यायचं हे जन्म आणि सोवळं-सुतक ठरवत होतं, ते नाकारलं. इष्टलिंग, म्हणजे दीक्षेत मिळणारं स्वतःचं छोटं लिंग, गळ्यात आलं की पुजारी मध्ये उरत नाही. विटाळाच्या दिवसांतही बाई स्वतःच्या तळहातावर ते ठेवून पूजा करू शकते. म्हणून ‘देवळाला विरोध’ आणि ‘जातीला विरोध’ अशी दोन वेगळी प्रकरणं पाडली की दोन्ही कळत नाहीत.

हरळय्या आणि मधुवरस यांची गोष्ट सांगतानाही असंच होतं. चर्मकार हरळय्यांचा मुलगा, ब्राह्मण मधुवरसांची मुलगी. आपण पटकन ‘आंतरजातीय विवाह’ लिहून मोकळे होतो. पण दोन्ही घरांनी लिंगदीक्षा घेतलेली. शरणांच्या हिशेबी जात दीक्षेबरोबरच संपली होती, त्यामुळे हे आपसातलंच लग्न. दरबाराच्या हिशेबी मात्र खालच्या घरच्या मुलाने वरच्या घरची मुलगी केली, म्हणजे प्रतिलोम, म्हणजे गुन्हा. दोन्ही बापांना मृत्युदंड झाला, शरणांची पांगापांग झाली आणि बिज्जळाचाही खून झाला, असं चरित्रकथा सांगतात. या कथा नंतरच्या, भक्तांनी रचलेल्या आहेत. त्यातले संवाद दरबारातल्या नोंदीसारखे अवतरणचिन्हांत टाकू नका, ‘परंपरेनुसार’ एवढा शब्द आधी जोडा.